ऊसतोडीचा दर वाढला तर किती कोयते कमी होतील?

ऊसतोड मजुरांचा दर जानेवारी २०२४मध्ये टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. दर वाढला की यंत्र येणार, असे साखरपट्ट्यात नेहमी ऐकू येते. पण किती यंत्रे येतील आणि किती कोयते राहतील? अर्थशास्त्र याचे उत्तर दोन रेषांनी काढते.

समजा, एका कारखान्याला रोज १,००० टन ऊस तोडून हवा आहे. यापुढचे आकडे, मजुरीचा दर सोडून, हिशेबापुरते धरलेले आहेत. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते. यंत्र नसेल तर ५०० कोयते लागतील. पहिले यंत्र मोठ्या, सपाट, रुंद सरीच्या फडात फिरते आणि ६० कोयत्यांचे काम करते. दुसऱ्याच्या वाट्याला जरा लहान फड येतात, ते ५० कोयत्यांचे काम करते. तिसरे ४०, चौथे ३०. आलेखात आडव्या अक्षावर कोयते आणि उभ्या अक्षावर यंत्रे मांडून हे बिंदू जोडले की समउत्पादन वक्र मिळतो. त्यावरच्या प्रत्येक बिंदूला ऊस तेवढाच तोडला जातो. सोपे फड आधी संपतात, म्हणूनच हा वक्र आतल्या बाजूला वाकतो.

आता खर्च. दोन टनांमागे एका कोयत्याचे दिवसाला ५४६ रुपये होतात. यंत्राचे भाडे, डिझेल आणि चालक मिळून २४,००० धरू. म्हणजे एक यंत्र ४४ कोयत्यांच्या मोलाचे. सारखाच खर्च येणाऱ्या जोड्यांची रेषा ती समखर्च रेषा. तिचा उतार हेच प्रमाण दाखवतो. दुसरे यंत्र ५० कोयते वाचवते, म्हणून परवडते. तिसरे ४०च वाचवते, म्हणून परवडत नाही. दोन यंत्रे आणि ३९० कोयते हा सर्वांत स्वस्त मेळ: खर्च २,६०,९४० रुपये. वक्राला समखर्च रेषा जिथे जेमतेम टेकते, तो हाच बिंदू.

नव्या दराने कोयत्याला ७३२ रुपये पडतात. समखर्च रेषा अधिक उभी होते. एक यंत्र आता ३३ कोयत्यांच्याच मोलाचे. तिसरे यंत्र परवडू लागते, चौथे अजूनही नाही. जुनाच मेळ ठेवला तर खर्च ३,३३,४८० रुपये. तीन यंत्रे आणि ३५० कोयते घेतले तर ३,२८,२००. खर्च वाढतोच, फक्त थोडा कमी वाढतो.

मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली, पण कोयते साधारण १० टक्केच घटले. काम टिकलेल्यांचे उत्पन्न खरोखर वाढले, आणि ४० जोड्यांचे काम गेले. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातून निघतात.

निर्णय एकट्या मजुरीवर होत नाही, दोन किमतींच्या प्रमाणावर होतो. यंत्राचा खर्चही ३४ टक्क्यांनी वाढला असता, तर मेळ जसाच्या तसा राहिला असता. शिवाय यंत्र एका हंगामात मिळतेच असे नाही, तोवर कारखाना जुन्याच मेळावर जास्त खर्च सोसतो. आणि जिथे सऱ्या अरुंद व तुकडे लहान, तिथे वक्र लवकर वळतो. मजुरी बरीच वाढली तरी तिथला ऊस कोयत्यानेच तुटतो.