एका शीटवर उभा कारखाना

व्हिडिओ गेममधल्या एखाद्या कारखान्यात शेकडो लोखंडी वस्तू असतात: कपाटं, पेट्या, दरवाजे, जिने, कठडे. त्यांच्यावरचा रंग, स्क्रू, गंज आणि चमक ही सगळी टेक्श्चरची, म्हणजे मॉडेलवर बसवलेल्या चित्रांची किमया. २०४८ बाय २०४८ पिक्सेलच्या तीन चित्रांचा एक संच नेहमीच्या कॉम्प्रेशननंतरही सुमारे १६ एमबी मेमरी घेतो. वीस वस्तूंना वीस संच दिले की ३२० एमबी गेले. ट्रिम शीटमुळे त्या विसांचं काम एका संचात भागतं.

सुतार बीडिंग पट्टी आणून ठेवतो आणि लागेल तेवढी कापून टेबलालाही लावतो, कपाटालाही. ट्रिम शीटचं तत्त्व तेच आहे. एकाच चित्रात कमी-जास्त उंचीच्या आडव्या पट्ट्या रचलेल्या असतात: साधा पत्रा, जाळी, बोल्टची रांग, बारीक किनार. पट्टीचं डावं टोक उजव्या टोकाशी बेमालूम जुळतं, त्यामुळे ती लांबीत हवी तितकी वाढवता येते. उंचीत मात्र वाढत नाही. म्हणून वस्तू घडवण्याआधी मापं ठरवावी लागतात, आणि बहुतेक घोळ इथेच होतात.

समजा, एका मीटरला ५१२ पिक्सेल असं प्रमाण धरलं. मग अख्खी शीट ४ मीटरची झाली. ३८४ पिक्सेलची पट्टी ७५ सेंटिमीटर भरते, २५६ची ५०, तर ६४ची साडेबारा. आता १ मीटर रुंद, २ मीटर उंच आणि अर्धा मीटर खोल असं विजेचं कपाट करायचं आहे. दर्शनी बाजूला चारही कडांनी साडेबारा सेंटिमीटरची चौकट काढली, की आत बरोबर ७५ सेंटिमीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच जागा उरते. तिथे ३८४ची पत्र्याची पट्टी उभी फिरवून बसते. चौकटीला ६४ची किनार लागते आणि कोपऱ्यांवर ती ४५ अंशांत तिरकी कापून जोडतात. अर्ध्या मीटरच्या बाजूंना २५६ची जाळी थेट लागते. नवं काहीच रंगवावं लागलं नाही.

या पद्धतीतली सर्वांत देखणी युक्ती कडांमध्ये आहे. इन्सोम्नियॅक गेम्सच्या ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ या २०१४च्या गेममध्ये ती सर्रास वापरली गेली आणि मॉर्टन ओल्सेन यांनी पुढच्या वर्षी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ती उलगडून सांगितली. खऱ्या लोखंडाची कड कधीच सुरीसारखी नसते. ती थोडी गोल असते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ चमकते. कॉम्प्युटरवरच्या खोक्याची कड मात्र कोरी, धारदार असते. नॉर्मल मॅप हे चित्र प्रत्येक पिक्सेलचा पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते सांगतं. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला हे तोंड ४५ अंशांनी बाहेर झुकवलं, तर काटकोनात भेटणाऱ्या दोन बाजूंच्या कडा एकाच दिशेला पाहू लागतात. उजेड एका बाजूवरून दुसरीवर सलग वळतो आणि कोपरा कानशीने घासल्यासारखा दिसतो. मॉडेलमध्ये त्यासाठी एकही जादा पृष्ठभाग घालावा लागत नाही.

हे गणित काटकोनापुरतं आहे. १३५ अंशांच्या कोपऱ्यावर दोन्ही कडांची तोंडं जुळत नाहीत आणि मधोमध शिवण उमटते. शिवाय आकाशासमोर दिसणारी वस्तूची बाह्यरेषा धारदारच राहते. ज्या वस्तूजवळ खेळाडू नाक लावून उभा राहणार, तिच्या कडा मॉडेलमध्ये घडवणंच बरं.

दुसरा नेहमीचा घोटाळा लगेच ओळखू येतो. स्क्रूची डोकी वर येण्याऐवजी आत रुतलेली दिसतात. अशा वेळी बहुधा नॉर्मल मॅपचं हिरवं चॅनेल उलटं असतं, कारण अनरियल इंजिन आणि युनिटी त्याची दिशा एकमेकांच्या विरुद्ध वाचतात. लांबून पाहताना एका पट्टीचा रंग शेजारच्या पट्टीत पाझरत असेल, तर मध्ये काही पिक्सेलची मोकळी जागा सोडलेली नसते. दूरच्या वस्तूंसाठी चित्राच्या लहान प्रती वापरल्या जातात आणि त्यांत शेजारचे पिक्सेल मिसळतात.

गंजाचे ओघळ शीटमध्ये रंगवण्याचा मोह आवरावा. पट्टी उभी फिरवली की तेच ओघळ आडवे वाहतात, आणि ठळक पोचा असेल तर दर चार मीटरला तोच पुन्हा दिसतो. त्यामुळे शीट स्वच्छ ठेवून मळ आणि गंज वरून चढवतात: मॉडेलच्या शिरोबिंदूंना दिलेल्या रंगांनी, किंवा डेकल नावाच्या सुट्या ठिगळांनी. कपाट तेच, शीट तीच. ओघळ मात्र प्रत्येकाचे वेगळे आणि खालच्या दिशेने.