कारणे लेखी द्या, कागद दाखवा

नोकरीवरून काढल्यावर लिहायच्या पत्रात दोन मागण्या स्पष्ट हव्यात: बडतर्फीची कारणे लेखी द्या आणि निर्णय ज्या कागदांवर घेतला त्यांच्या प्रती द्या. दुसरी मागणी किती वजनदार ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या काशिनाथ दीक्षित खटल्यात दिसते. विभागीय चौकशीला सामोऱ्या गेलेल्या या सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध ३८ साक्षीदार आणि ११२ कागदपत्रे होती. त्यांनी प्रती मागितल्या; त्यांना फक्त कागद पाहण्याची मुभा मिळाली. एवढा मजकूर नुसता पाहून उलटतपासणी कशी करणार? बचावाची खरी संधीच मिळाली नाही, म्हणून न्यायालयाने बडतर्फी रद्द केली.

मात्र प्रत न मिळाल्याने बचावाचे नुकसान झाले, हे दाखवावे लागते. म्हणून पत्रात ‘सर्व कागदपत्रे द्या’ एवढेच लिहू नये. ‘चौकशी अहवाल, अमुक साक्षीदाराचा जबाब, अमुक तारखेचे हजेरीपत्रक’ असे नाव घेऊन मागावे आणि प्रत्येक कागद कोणत्या आरोपाच्या उत्तरासाठी हवा, तेही लिहावे. पत्र स्पीड पोस्टाने किंवा हातोहात देऊन पोच जपावी. उत्तर आले नाही, तर मागणी केली होती याचा पुरावा तीच पोच असते.