उशिराचा ईमेल

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीची प्रोजेक्ट मॅनेजर फीचर लांबल्याचं क्लायंटला कळवायला बसते, तेव्हा ‘बदल तुम्हीच सांगितलेत’ असं लिहायला हात शिवशिवतो. कसलेली मॅनेजर आधी नवी तारीख लिहिते. क्लायंटची नजर तीच शोधत असते.

मग हिशेब. समजा, पूर्ण रकमेच्या रिफंडचं बटण १६ तारखेला द्यायचं होतं. ३ तारखेच्या कॉलवर अर्धवट रिफंडची मागणी आली: कामाचे ४ दिवस वाढले. १० तारखेला वरिष्ठांच्या मंजुरीची पायरी आली: आणखी ५, कारण आधीच्या चाचण्या पुन्हा करायच्या. प्रत्येक बदलापुढे तो ठरल्याची तारीख असली, की वेगळा ठपका ठेवावा लागत नाही.

शेवटी पर्याय. मंजुरी पुढच्या टप्प्यात नेली तर बाकीचं २० तारखेला. सगळं एकदम हवं तर २७. निर्णय कधीपर्यंत हवा, तेही लिहायचं. नाहीतर उत्तराऐवजी चौथीच मागणी येते.