सत्तेचाळीस आणि अडतीस यांच्यामधला थांबा

दुसरीच्या वर्गात बाई सांगतात, ‘लिहा, सत्तेचाळीस अधिक अडतीस.’ बहुतेक मुलं 85 उत्तर काढतात. एखाद्या वहीत मात्र 157 दिसतं. बाई त्यावर लाल फुली मारतात, शेजारी ‘बेरीज पुन्हा करणे’ असा शेरा लिहितात आणि पुढच्या वहीकडे वळतात. त्या मुलाची बेरीज मात्र बिनचूक आहे. त्याने 74 आणि 83 लिहिले. चार आणि तीन सात, सात आणि आठ पंधरा, म्हणून 157. चूक झाली ती ऐकलेला शब्द अंकात उतरवताना, म्हणजे बेरीज सुरू होण्याच्याही आधी. ती का झाली हे समजलं, तर दुसरीचा गणिताचा तास कुठे भरभर चालवायचा आणि कुठे थांबवायचा याचा बराचसा उलगडा होतो.

रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली स्मृतीचं जे माहिती-प्रक्रिया प्रतिमान मांडलं, त्यात तीन टप्पे आहेत. डोळ्यांवर आणि कानांवर जे पडतं ते क्षणभर संवेदनिक स्मृतीत असतं. त्यातलं ज्याच्याकडे लक्ष जातं तेवढंच अल्पकालीन स्मृतीत येतं. तिथे घोळवलं गेलं, अर्थाशी जोडलं गेलं, तर ते दीर्घकालीन स्मृतीत मुरतं. पुढे 1974 मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी मधल्या टप्प्याकडे बारकाईने पाहिलं. माणूस तिथे माहिती नुसती ठेवत नाही, त्याच वेळी तिच्यावर कामही करतो. म्हणून त्यांनी तिला कार्यरत स्मृती म्हटलं. ऐकलेले शब्द मनातल्या मनात पुन्हा पुन्हा उच्चारून जिवंत ठेवणारा एक भाग, दिसलेल्या गोष्टींची मांडणी धरून ठेवणारा दुसरा भाग, आणि लक्ष कुठे द्यायचं हे ठरवणारा तिसरा, अशी तिची रचना त्यांनी सुचवली.

ही जागा फार लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सातच्या आसपासचा आकडा सांगितला आणि तो प्रसिद्ध झाला. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये अनेक प्रयोग पुन्हा तपासले आणि घोकायला वाव नसेल तर मोठ्या माणसाचीही मर्यादा चारच्या आसपास येते, असं दाखवलं. मात्र हे चार म्हणजे चार अक्षरं किंवा चार अंक नव्हेत. ते चार गठ्ठे आहेत आणि गठ्ठा केवढा बांधला जाईल हे आधीच्या ओळखीवर ठरतं.

कसारा मार्गावरच्या खडवलीच्या मुलाला कल्याणपासूनची स्थानकं विचारा. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव ही सात नावं तो एका दमात म्हणेल आणि म्हणताना तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा विचारही करू शकेल. ती नावं त्याच्या दीर्घकालीन स्मृतीत एकत्र बांधलेली आहेत, त्यामुळे कार्यरत स्मृतीत त्यांना एकाच गठ्ठ्याची जागा लागते. या मार्गाने कधीच न गेलेल्या माणसाला हीच यादी एकदा ऐकवली, तर चौथ्या-पाचव्या नावापाशी तो अडखळेल. दोघांच्या बुद्धीत फरक असायची गरज नाही, ओळखीत फरक आहे.

आता सत्तेचाळीसकडे येऊ. मोठ्यांसाठी हा शब्द एक गठ्ठा आहे, ऐकताक्षणी 47 डोळ्यांसमोर येतो. सात वर्षांच्या मुलासाठी तो अजून सुटा असतो. ‘सत्ते’ आधी कानावर पडतं, म्हणजे सात. पण सात आधी लिहायचे नाहीत, ते धरून ठेवायचे. मग ‘चाळीस’ येतं. त्यातून चार दशक काढायचे, ते डावीकडे लिहायचे, आणि धरून ठेवलेले सात त्यांच्या उजवीकडे. ऐकण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम उलटा. त्यात मराठी संख्यानावं रूप बदलतात. दोनचा अंक बेचाळीसमध्ये ‘बे’, बासष्टमध्ये ‘बा’ आणि ब्याण्णवमध्ये ‘ब्या’ होतो. एकोणसाठ ऐकल्यावर तर साठातून एक वजा करून पन्नासच्या घरात यावं लागतं.

हा त्रास फक्त मराठी मुलांचा नाही. जर्मन भाषेतही एकक आधी म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऐकून लिहिलेल्या संख्यांमधल्या जवळपास निम्म्या चुका अंकांच्या अदलाबदलीशी निगडित होत्या, आणि चुकांचा संबंध कार्यरत स्मृतीच्या क्षमतेशी लागत होता. चेक भाषेत दोन्ही पद्धती रूढ आहेत. तिथे त्याच मुलांनी एकक-आधी पद्धतीत उलटापालटीच्या जास्त चुका केल्या. नॉर्वेने तर 1951 मध्ये दशक आधी म्हणण्याची पद्धत अधिकृत केली. त्यामागे टेलिफोन केंद्रांवर क्रमांक सांगताना होणारा घोळ हे मोठं कारण होतं.

आपल्याकडे 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं गोंधळतात. दाक्षिणात्य भाषांमध्ये दशक आधी म्हणतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं होतं. चर्चा मात्र भाषेच्या अस्मितेवर गेली. माझ्या मते नारळीकरांनी अडचण अचूक हेरली होती. बाजारात, घरात, एसटीत सगळीकडे सत्तेचाळीसच ऐकू येणार असल्यामुळे मुलाला ते शिकावं लागेलच, हेही तितकंच खरं आहे. ‘चाळीस सात’ ही त्या शब्दापर्यंत जायची पायरी म्हणून वापरली, तर दोन्ही बाजूंचं समाधान होण्यासारखं आहे.

शब्द बदलो न बदलो, तासाची गती मात्र शिक्षकाच्या हातात असते. ‘सत्तेचाळीस अधिक अडतीस, उभी मांडणी करा, हातचा वर लिहा आणि झालं की वही मिटून ठेवा,’ हे एक वाक्य बघा. मूल अजून सात धरून चाराची वाट पाहत असतं, तेवढ्यात अडतीस येऊन आदळतो. तो सोडवेपर्यंत मांडणी, हातचा आणि वही. शेवटची सूचना सगळ्यात ताजी असल्याने कित्येक मुलं तेवढीच पाळतात आणि वही मिटून बसतात. आपण त्याला लक्ष नसणं म्हणतो.

यावर ‘हळू बोला’ असा सल्ला सहज दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. बॅडली आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवलं की साधारण दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येईल, तेवढंच मनातल्या त्या उच्चारणाऱ्या भागात टिकतं. ‘सत्ते… चाळीस… अधिक… अड… तीस’ असं ताणून म्हटलं, तर शेवट कानावर येईपर्यंत सुरुवात विरू लागलेली असते. शब्द नेहमीच्याच वेगाने म्हणावा, वाक्य आखूड ठेवावं, आणि थांबावं ते दोन वाक्यांच्या मध्ये.

तोच तास मग असा चालेल. ‘सत्तेचाळीस.’ थांबायचं. पेन्सिली वहीवरून उचलल्या जाईपर्यंत काहीही बोलायचं नाही, ‘शाबास’सुद्धा नाही. मग ‘त्याच्या खाली अडतीस’. पुन्हा थांबायचं. आता दोन्ही संख्या कागदावर आहेत, डोक्यातली जागा मोकळी झाली आहे. मगच ‘बेरीज करा’. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. हा हातचा ताबडतोब दशकाच्या डोक्यावर लिहायला लावायचा, कारण तो मनात धरून चार आणि तीन मिळवणं म्हणजे पुन्हा तीच कसरत. किती सेकंद थांबायचं याला घड्याळ नाही. मुलांचे हात थांबले, हेच माप.

या थांब्यात व्यत्यय आणणं फार महागात पडतं. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी 1959 मध्ये मोठ्या माणसांना तीन व्यंजनं सांगून लगेच उलटे आकडे मोजायला लावले. अठरा सेकंदांनंतर ती अक्षरं बरोबर सांगता येण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उरलं. मनात घोकणं तुटलं की तीन अक्षरंही राहत नाहीत. मुलगा सात धरून बसला असताना ‘अरे, ते दार लाव’ म्हणणं म्हणजे हाच प्रयोग वर्गात करणं आहे.

चूक कशातून झाली हे ओळखायची एक सोपी रीत आहे. 157 लिहिणाऱ्या मुलाला जवळ बोलवून नुसतं ‘सत्तेचाळीस लिही’ म्हणा. त्याने 74 लिहिलं, तर त्याला शब्द आणि अंक यांचं नातंच अजून जमलेलं नाही. त्याला काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन, चार गठ्ठे आणि सात सुट्या म्हणजे सत्तेचाळीस, हे पुन्हा करून दाखवावं लागेल. सुटं विचारल्यावर 47 आणि गणितात 74 येत असेल, तर ज्ञान आहे, ओझं जास्त झालं. अशा वेळी पुन्हा शिकवण्यापेक्षा सूचनांमधलं अंतर वाढवावं. 47 बरोबर आणि अडतीसचे मात्र 83, म्हणजे चूक वाक्याच्या उत्तरार्धात, तर ओझ्याचा संशय आणखी बळावतो.

सगळ्यांना एकच गती का पुरत नाही, याचं उत्तर सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे यांच्या कामात आहे. सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात निदान तिघांची कार्यरत स्मृती सरासरी चार वर्षांच्या मुलाइतकी आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी असू शकते, असं त्या सांगतात. कमी क्षमतेची मुलं सहसा दंगा करत नाहीत. ती काम सुरू करतात, मध्येच हरवतात आणि शेजारच्या वहीत डोकावतात. कल्याण-शहापूर पट्ट्यातल्या ज्या मुलांच्या घरी कातकरी बोलली जाते, त्यांना शाळेतला शब्द ओळखण्यातही थोडी जागा खर्च करावी लागते. उलट ज्यांच्यासाठी सत्तेचाळीस हा एक गठ्ठा झालेला आहे, त्यांना हे थांबे कंटाळवाणे होतात. त्यांना गणित एका दमात सांगून सोडवायला लावणंच योग्य.

स्मृतीचे खेळ खेळवून ही जागा वाढवता येईल अशी आशा बऱ्याच जणांना होती. मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी 2013 मध्ये अशा प्रशिक्षणांचे अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळांत तरबेज झाली, पण त्यांच्या गणितात किंवा वाचनात टिकाऊ फरक दिसला नाही. म्हणजे अशा खेळांच्या भरवशावर राहता येत नाही. आपल्या हातात आहे ते गठ्ठे बांधणं, आणि त्यासाठी संख्यानावांची उजळणी रोज, थोडी थोडी आणि दोन्ही बाजूंनी व्हायला हवी: ऐकून लिहिणं आणि पाहून म्हणणं.

यात वेळ जातो आणि पुस्तकाची पानं मागे पडतात. म्हणून वर्गभेटीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना एक विनंती आहे. दुसरीच्या बाईंना ‘कितव्या पाठापर्यंत आलात?’ हे विचारण्याआधी पाच मुलांना सत्तेचाळीस, एकोणसाठ आणि बासष्ट लिहायला सांगा. ते चुकत असेल, तर हातच्याच्या बेरजेचा पाठ पंधरा दिवस पुढे ढकलायची मुभा बाईंना द्या, आणि तसं शेरेवहीत लिहूनही द्या.