गेलेला फेज आणि मोटरची फसवणूक

रिवायंडिंगच्या दुकानात जळालेली मोटर उघडली की कारण डोळ्यांना दिसते. स्टार जोडणीत दोन फेजची वाइंडिंग काळी पडलेली असते आणि तिसरी नव्यासारखी राहते. डेल्टात उलट, एकच फेज जळतो. ही सिंगल फेजिंगची खूण. एक फ्यूज उडाला, तरी मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि तेवढाच भार ओढण्यासाठी सुमारे पावणेदोन पट करंट घेते. साडेसात अँपिअरची मोटर तेरा अँपिअरवर जाते.

हे टाळणारा रिले विद्यार्थ्यांना सुट्या भागांतून बनवता येतो. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० ते १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा. त्यामुळे पुढचे सर्किट मेन्सपासून वेगळे राहते. ब्रिज आणि कपॅसिटरनंतर सुमारे १५.६ व्होल्ट डीसी मिळते. फेज १९५ व्होल्टवर उतरला की तेच १३ होते. म्हणून प्रिसेट असा फिरवायचा की १३ व्होल्टला त्याच्या मधल्या टोकावर ५.७५ व्होल्ट यावेत. तिथून ५.१ व्होल्टच्या झेनरमार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडायचे. व्होल्टेज याखाली गेले की ट्रान्झिस्टर बंद पडतो.

असे तीन ट्रान्झिस्टर सिरीजमध्ये जोडून रिलेची कॉइल चालवायची. रिलेचा नॉर्मली ओपन काँटॅक्ट काँटॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये येतो. तिन्ही फेज ठीक असतील तरच रिले ओढलेला राहतो. वायर तुटली किंवा रिलेचा पुरवठा गेला, तरी मोटर थांबते. सुरू होताना मोटर व्होल्टेज खाली ओढते, त्यामुळे रिले सुटायला तीन-चार सेकंदांचा विलंब ठेवावा लागतो.

आता चाचणी घ्या. मोटर बंद असताना एक फ्यूज काढला, तर रिले लगेच ओळखतो आणि मोटर सुरूच होऊ देत नाही. पण मोटर भाराविना फिरत असताना तोच फ्यूज काढला, तर रिले जागचा हलत नाही! त्या फेजवर व्होल्टमीटर लावा. फ्यूज हातात असतानाही काटा दोनशेच्या वर असू शकतो. फिरणारा रोटर त्या रिकाम्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज निर्माण करतो आणि ते मागे रिलेपर्यंत पोचते. भार वाढवला की हे व्होल्टेज घसरते आणि मग रिले सुटतो. पण कमी भारावर १९५ ची मर्यादा ओलांडली जात नाही. मर्यादा वर नेली, तर साध्या चढउतारातही मोटर बंद पडेल.

यावर उपाय करंट बघण्याचा. मोटर व्होल्टेजचे सोंग आणू शकते, पण फ्यूज उडालेल्या तारेतून करंट वाहवू शकत नाही. प्रत्येक तारेवर छोटा करंट ट्रान्सफॉर्मर घाला, त्याच्या सेकंडरीवर रेझिस्टर कायम जोडलेला ठेवा आणि आलेले व्होल्टेज रेक्टिफाय करून तसल्याच झेनर-ट्रान्झिस्टरला द्या. मोटर सुरू होईपर्यंत करंट नसतोच, म्हणून हा भाग काँटॅक्टरच्या सहायक काँटॅक्टने मोटर चालू झाल्यावरच कामाला लागावा. सुरू होण्याआधी व्होल्टेज आणि चालू असताना करंट, अशी दोन्ही नजर ठेवली की आधीची चाचणी पुन्हा करा: या वेळी फ्यूज काढताच, ठरलेल्या विलंबानंतर काँटॅक्टर सुटतो.