दार उघडलेला फोटो मागा

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत ‘ओव्हन’ हा शब्द फार सैल हाताने वापरतात. ओटीजी असो, मायक्रोवेव्ह असो की एअर फ्रायर, वर मथळा एकच: ‘ओव्हन विकणे आहे, कमी वापरलेला’. यात लबाडी असतेच असं नाही. यंत्र आहेरात आलेलं असतं, माहितीपुस्तिका कधीच रद्दीत गेलेली असते आणि घरात सगळे त्याला ओव्हनच म्हणत आलेले असतात. घोटाळा होतो तो घेणाऱ्याचा. केक-बिस्किटांसाठी म्हणून आणलेला साधा मायक्रोवेव्ह अन्न गरम करतो, पण वरून खरपूस रंग काही आणत नाही. उलट मायक्रोवेव्ह समजून ओटीजीत प्लॅस्टिकचा डबा ठेवला, तर तो वितळून जाळीला चिकटतो.

फोटो पाहताना बटणांकडे नंतर बघावं. आधी एकच शोधायचं: यात उष्णता येते कुठून? ओटीजीत ती उघड्या रॉडमधून येते, रॉड वर आणि खाली, तापले की लालबुंद दिसणारे. मायक्रोवेव्हमध्ये लहरी तयार करणारा भाग भिंतीआड, बहुधा बटणांच्या पट्टीमागे दडलेला असतो, त्यामुळे आत तापणारं काही दिसतच नाही. एअर फ्रायरमध्ये डोक्यावर जिलबीसारखं वेटोळं घातलेली कॉइल असते आणि तिच्यावर पंखा. तो गरम हवा जोरात अन्नावरून फिरवतो.

समोरचा फोटोही बरंच सांगतो, पण त्यासाठी दार नीट बघायला हवं. ओटीजीची बिजागरी खाली असते. दार पुढे, खालच्या बाजूला उघडतं, म्हणून मूठ दाराच्या वरच्या कडेला आडवी बसवलेली असते. काच स्वच्छ, आरपार दिसणारी. उजवीकडे एकाखाली एक तीन-चार गोल बटणं: तापमानाचं, वरचा-खालचा रॉड निवडण्याचं आणि वेळेचं. तापमानाचे आकडे बहुधा २५० अंशांपर्यंत जातात. मायक्रोवेव्हचं दार कपाटासारखं डावीकडे उघडतं आणि त्याच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते. फोटो मोठा करून पाहिला की काळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. ही जाळी शोभेची नाही. आतल्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि भोकं मिलिमीटरभराची, त्यामुळे प्रकाश बाहेर येतो, लहरी येत नाहीत. साध्या मायक्रोवेव्हलाही गोल बटणं असतात, पण बहुतेक दोनच, आणि त्यातल्या एकावर अंशांऐवजी कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्या. नेहमीच्या एअर फ्रायरला तर दारच नसतं. पुढून मुठीने ओढायचा खण असतो आणि खणात भोकांच्या तळाची टोपली.

इथवर सोपं आहे. खरी गल्लत होते ती कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आणि ओटीजी यांच्यात.

समजा, जाहिरातीत ‘२८ लीटर, ओटीजी, उत्तम स्थिती’ असं लिहिलंय. समोरचा फोटो: काळी काच, उजवीकडे आकड्यांची पट्टी, आणि उजेडाचं प्रतिबिंब असं पडलंय की काचेतलं काही दिसत नाही. आतला फोटो: स्टीलच्या चकचकीत भिंती, छताला एक रॉड, मागच्या भिंतीवर गोलाकार भोकं आणि मधोमध ठेवलेला उंच पायांचा तारेचा स्टँड. रॉड आहे, स्टँड आहे, म्हणून विकणाऱ्याने ओटीजी ठरवून टाकलं. पण खाली रॉड नाही. बाजूच्या भिंतींना ट्रे सरकवायच्या खाचा नाहीत, म्हणून तर स्टँडला पाय आहेत. तळाच्या मध्यभागी लहानसा उंचवटा आहे. त्यावर काचेची फिरती थाळी बसते. उजव्या भिंतीवर मळकट करड्या रंगाचा, पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा आहे. तो अभ्रकाचा पत्रा, त्यामागून लहरी आत येतात. आणि दाराची कड फोटोत आली असेल तर तिथे वर-खाली दोन छोटे आकडे दिसतील. ते चौकटीच्या खाचेत अडकल्याशिवाय मायक्रोवेव्ह चालूच होत नाही. ओटीजीला असली भानगड नसते. दार उघडं राहिलं तरी रॉड तापतात.

म्हणजे हा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. छतावरचा रॉड ग्रिलसाठी, मागची भोकं पंख्याच्या गरम हवेसाठी. त्यात केक होतो, त्यामुळे सौदा वाईटच असं नाही. पण फोटोत थाळी आणि तिच्याखालचं चाकांचं कडं दोन्ही गायब आहेत, ती आहेत का हे आधी विचारावं. थाळीचा व्यास आणि खालची बैठक मॉडेलप्रमाणे बदलते, कुठलीही थाळी चालत नाही. अभ्रकाचा तुकडा काळा पडलेला किंवा जळका दिसला, तर आत ठिणग्या उडून गेल्या आहेत असं समजावं. तुकडा बदलता येतो, पण आतला रंग पोपडे धरून गंज दिसत असेल तर मी तरी ते यंत्र घेणार नाही.

दुसरी गल्लत अलीकडची आहे. काचेच्या दाराचे, पेटीसारखे एअर फ्रायर आले आणि ते लांबून हुबेहूब छोट्या ओटीजीसारखे दिसतात. यांची पेटी बहुधा रुंदीपेक्षा उंच असते आणि बटणांची पट्टी उजवीकडे नसून दाराच्या वर असते, कारण पंखा आणि कॉइलचं सगळं बिऱ्हाड डोक्यावर आहे. खात्री मात्र छताच्या फोटोनेच होते: जाळीआड गोल कॉइल आणि पंखा, खाली रॉड नाही, तर तो एअर फ्रायर. वर-खाली सरळ रॉड असून शिवाय पंखा असेल, तर ते हवा फिरवणारं ओटीजी. फरक कामात जाणवतो. सगळी उष्णता वरून येत असल्याने पेटीच्या एअर फ्रायरमध्ये केकचा माथा लवकर करपतो आणि पोट कच्चं राहू शकतं. पट्टीवर ‘एअर फ्राय’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नये. आजकाल कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच्या यादीतही ते सापडतं.

या खुणांना अपवाद आहेत. भिंतीत बसवायच्या काही मायक्रोवेव्हचं दार खाली उघडतं, काहींना फिरती थाळी नसते. काचेतली जाळी आणि दाराचे आकडे मात्र तिथेही तुमची साथ सोडत नाहीत. फोटोवरून आकाराचा अंदाज तर करूच नये. मोबाइल जवळ नेला की १० लीटरची पेटीही २५ लीटरची भासते.

म्हणून विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: दार पूर्ण उघडून समोरून, मोबाइल आत नेऊन छताचा आणि मागच्या बाजूच्या पट्टीचा. पट्टीवर मेगाहर्ट्झमध्ये २४५० हा आकडा असेल, तर तो मायक्रोवेव्हच, मग मथळ्यात काहीही लिहिलेलं असो. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढची जाहिरात उघडा.