गाडी गॅरेजमध्ये पडलेला माणूस

भाड्याने मोटार देण्याच्या धंद्यात अमेरिकेत नव्या माणसाला शिरायला जागा नव्हती, असं 1960च्या सुमारास कुणालाही वाटलं असतं. हर्ट्झची मुळं 1918च्या शिकागोत होती. एव्हिसची सुरुवात 1946 साली डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर झाली होती. मोठ्या कंपन्यांचा मुख्य ग्राहक ठरलेला होता: विमानातून उतरणारा, घाईत असलेला प्रवासी. त्याच्यासाठी त्या विमानतळावर एकमेकींशी झुंजत होत्या.

सेंट लुईसच्या जॅक टेलरने या झुंजीत उडीच घेतली नाही. महायुद्धात नौदलाचा वैमानिक असलेल्या टेलरने 1957 साली सात गाड्या घेऊन, त्या लांब मुदतीच्या भाडेकराराने देण्याचा धंदा सुरू केला होता. त्याचे ग्राहक अधूनमधून विचारू लागले, ‘गाडी दुरुस्तीला टाकलीय, तोवर दुसरी मिळेल का?’ 1962 मध्ये सतरा गाड्या बाजूला काढून त्याने ही सोय सुरू केली. आपण ज्या विमानवाहू जहाजावर होतो, त्याचं ‘एंटरप्राइझ’ हे नाव त्याने पुढे कंपनीला दिलं.

इथे ग्राहक वयावरून, उत्पन्नावरून किंवा व्यवसायावरून निवडलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. डॉक्टर असो की प्लंबर, गाडी ठोकली गेली आणि उद्या कामावर जायचंय, की तो टेलरचा ग्राहक. अडचण एकच असल्यामुळे तो कुठे सापडेल हेही ठरलेलं होतं. तो गॅरेजमध्ये सापडणार, आणि विमा कंपनीच्या दाव्याच्या कागदांत.

बाकीचा धंदा याच निवडीतून आकाराला आला. ग्राहक गावातलाच, म्हणून कचेरी वस्तीत, कमी भाड्याच्या जागेत. दुरुस्तीला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून गाडीही तितके दिवस बाहेर राहते. समजा, एक गाडी विमानतळावर दोन-दोन दिवसांसाठी पाच जणांना दिली आणि तशीच दुसरी एकाच माणसाला सलग दहा दिवस दिली. पहिली पाचदा धुवायची, पाचदा कागदपत्रं करायची आणि दोन ग्राहकांच्या मधे ती रिकामी उभी राहणार ती वेगळीच. दुसरीला हा सगळा व्याप एकदाच. त्यामुळे दिवसाचा दर कमी ठेवूनही पैसे सुटत. मोठ्या कंपन्यांना तो कमी दरच तेवढा दिसे, आणि त्या बराच काळ या बाजूला फारशा फिरकल्या नाहीत.

पण एक मेख होती. गाडी चालवणारा एक, पैसे भरणारी बहुधा विमा कंपनी, आणि ‘त्या अमक्याकडून गाडी घ्या’ असं सांगणारा गॅरेजवाला. अपघात झालेल्या माणसाने जाहिरात पाहिलेली असो वा नसो, शब्द चालायचा या दोघांचाच. म्हणून एंटरप्राइझची तरुण मंडळी डोनट आणि पिझ्झाचे खोके घेऊन गॅरेजांच्या फेऱ्या मारत, कामगारांशी ओळखी करत. विमा कंपनीच्या माणसाला वेगळीच काळजी असते: दुरुस्ती लांबली की भाड्याचं बिल फुगतं. (गॅरेजवाल्याचा ‘उद्या नक्की’ तिकडेही उद्याचा नसावा.) तेव्हा गाडी तयार झाली का, याची चौकशी करून विमा कंपनीला कळवायचं कामही एंटरप्राइझने अंगावर घेतलं. पुढे 1990च्या दशकात त्यासाठी दोघांना जोडणारी संगणक यंत्रणाच उभी केली. दर थोडा खाली आणून प्रतिस्पर्ध्याला ग्राहक तोडता येतो. अशी घडी मोडणं त्याला जड जातं.

‘आम्ही तुम्हाला न्यायला येतो’ ही कंपनीची प्रसिद्ध सोयही याच ग्राहकामुळे सुचली. ज्याची गाडीच गॅरेजमध्ये आहे, तो भाड्याची गाडी घ्यायला कचेरीपर्यंत येणार कसा? 1974 मध्ये ऑर्लँडोतल्या एका व्यवस्थापकाने ग्राहकांना घरून आणायला सुरुवात केली आणि ती पद्धत सगळीकडे गेली.

एकाच ग्राहकावर धंदा उभा करण्याची किंमतही मोजावी लागते. विमा कंपन्या थोड्या असतात, मोठ्या असतात, आणि भाव पाडून मागतात. शिवाय दुरुस्त गाड्या शुक्रवारी मालकांना परत मिळाल्या, की शनिवार-रविवारी भाड्याच्या गाड्या अंगणात उभ्या. तेव्हा सुट्टीसाठी खास स्वस्त दर काढून गावातल्याच लोकांना त्या द्याव्या लागल्या.

1990च्या दशकाच्या मध्यावर एंटरप्राइझ अमेरिकेत हर्ट्झच्याही पुढे गेली. मग हर्ट्झनेही वस्त्यांमध्ये शाखा काढायला सुरुवात केली. एंटरप्राइझ मात्र विमानतळांकडे गंभीरपणे वळली ती 1995च्या सुमारास. तिथे तिची जुनी हत्यारं फारशी चालणारी नव्हती: घरून आणायला जायचा प्रश्न नाही, जागेचं भाडं चढं, आणि प्रवाशाला पाच मिनिटांत किल्ली हवी. 2007 मध्ये कंपनीने नॅशनल आणि अलामो हे विमानतळांवर मुरलेले दोन ब्रँड विकत घेतले, आणि त्यांची नावं न पुसता ती तशीच वेगळी चालू ठेवली.